आपल्या सवडीने

मी आज जो काही आहे तो सगळ्यात जास्त बाईंमुळे. बाई म्हणजे आम्हाला एम.एस्सी.ला भूजल शिकवणाऱ्या प्राध्यापिका. पुण्याची मुलं त्यांना मॅडम म्हणायची. मी तालुक्याच्या गावातून आलो होतो आणि आमच्या शाळेत शिकवणारी प्रत्येक स्त्री बाईच असायची, म्हणून पहिल्या दिवशी तोंडातून 'बाई' गेलं आणि वर्ग हसला. त्यांनी वर्गाकडे बघून विचारलं, "यात विनोद काय झाला ते मलाही सांगा." तेव्हापासून त्या माझ्या बाईच राहिल्या.

पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्यापुढे बेसॉल्टचा तुकडा ठेवला आणि त्यात पाणी कुठे साठतं ते इंग्रजीत विचारलं. मला उत्तर येत होतं. माझे वडील बोअरच्या गाडीवर होते. कुठल्या थराला पाणी लागतं हे मी लहानपणापासून जेवताना ऐकलेलं. पण इंग्रजीत एक शब्द फुटेना. बाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मराठीत सांग. दगडाला काही इंग्रजी येत नाही." मी सांगितलं. परीक्षकांनी मान हलवली. बाहेर आल्यावर बाईंनी मला थांबवलं, "आता हेच इंग्रजीत लिहून उद्या आण. दगडाला येत नसलं तरी तुला आलं पाहिजे." तो उद्या दोन वर्षं चालला. मी लिहायचो, त्या लाल पेनाने खोडायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला घडवलं कोणी असं कोणी विचारलं तर ते लाल पेन एवढंच मला सांगता येईल.

एम.एस्सी. झाल्यावर मी बिबवेवाडीत पाण्याचे सर्व्हे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो. राहायला कात्रजला, दोघांत एक खोली. चार वर्षं झाली आणि मी परदेशातल्या एका विद्यापीठाच्या भूजल अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. शिष्यवृत्ती पूर्ण होती, विमानभाड्यासकट. ती नसेल तर जाणं शक्यच नव्हतं. आणि तिची एक अट होती: पदवी मिळून पाच वर्षं उलटलेली नसावीत. माझी पाच वर्षं पुढच्या जूनमध्ये भरत होती. म्हणजे ही एकच संधी.

अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती, एक शिकवलेल्या प्राध्यापकांचं आणि एक कामावरच्या वरिष्ठांचं. त्यांची नावं, हुद्दे आणि संस्थेचे ईमेल आपण पोर्टलवर भरायचे. मग विद्यापीठ परस्पर त्यांना लिंक पाठवतं, आणि ते आपलं पत्र तिथे चढवतात. आपल्याला ते वाचता येत नाही. आपल्या पानावर फक्त नावापुढे 'प्रतीक्षेत' किंवा 'मिळाले' असं दिसतं. शेवटची तारीख होती पंधरा डिसेंबर.

ऑफिसातल्या साहेबांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "देतो की रे. मला पॉइंट पाठव. आणि डेडलाइन वर टाक, ठळक, नाहीतर माझ्याकडून राहील." मी पाच ओळींचं टिपण पाठवलं. तारीख, किती वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, कुठले दोन प्रकल्प, अभ्यासक्रम कशाचा, लिंक कुठून येणार. चार दिवसांत त्यांच्या नावापुढे 'मिळाले' आलं. त्या टिपणाला मला दहा मिनिटं लागली होती.

बाईंना लिहायला दोन रविवार लागले.

त्या निवृत्त झाल्या होत्या, पण पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात यायच्या. त्यांना पाच ओळींचं टिपण पाठवायचं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शाळेत मराठीच्या गुरुजींनी वडीलधाऱ्यांना पत्र कसं लिहायचं ते आमच्याकडून घोटून घेतलं होतं. मायना, नमस्कार, क्षेमकुशल, उपकारांची आठवण, आणि मग शेवटी, अगदी शेवटी, काम. तसंच लिहिलं. तीर्थस्वरूप बाईंस साष्टांग नमस्कार. आपण मला ओळखतच असाल. आपल्या उपकारांतून या जन्मी उतराई होणं नाही. असं दीड पान. मग एक वाक्य, की परदेशी शिक्षणासाठी आपलं शिफारसपत्र मिळालं तर मी कृतार्थ होईन. आणि गुरुजींनी शिकवलेली शेवटची ओळ: 'आपल्या सवडीने द्यावे, घाई नाही.'

तारीख लिहिली नाही. वडीलधाऱ्या माणसाला तारीख सांगायची म्हणजे हुकूम दिल्यासारखं वाटलं. मी कोणत्या वर्षी शिकलो, माझा प्रकल्प कशावर होता, हेही लिहिलं नाही. बाईंना ते सांगायचं म्हणजे त्या विसरल्या असतील असं म्हणण्यासारखं. लिंक त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर येईल हेसुद्धा राहिलं. पत्र मी त्यांच्या घरच्या ईमेलवर पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'लिहीन.' एवढंच. मी ते ऑफिसच्या जिन्यात तीनदा वाचलं आणि आईला फोन केला.

नोव्हेंबर संपला. बाईंच्या नावापुढे 'प्रतीक्षेत'च होतं. मी सकाळी बसमध्ये, दुपारी डबा खाताना, संध्याकाळी परत बसमध्ये ते पान उघडायचो. नावापुढे एक निळं बटण होतं, 'आठवण पाठवा'. ते दाबलं की विद्यापीठाकडून पुन्हा एक ईमेल जातो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी सदाशिव पेठेत वाढलेली. तिने एक दिवस माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं.

"दाब ना ते. पूजा करतोयस का त्याची?"

"त्या 'लिहीन' म्हणाल्यात."

"हो, पण कधी? तारीख माहितीये का त्यांना?"

"ईमेलात असेलच की, विद्यापीठाच्या."

"आणि तो ईमेल त्यांनी नाही बघितला तर? दोन ओळी टाक तू स्वतः. जेंटल रिमाइंडर म्हणतात त्याला. जगात सगळे पाठवतात. मी माझ्या सासूला पाठवते."

जेंटल रिमाइंडरला मराठीत काय म्हणायचं याचा मी विचार करत बसलो. सौम्य स्मरणपत्र. आमच्या घरी 'स्मरणपत्र' असं वर छापलेला कागद एकदाच आला होता, तहसील कचेरीतून, आणि वडील त्या दिवशी धड जेवले नव्हते. तसलं काही बाईंना पाठवायला हात धजेना.

आईला विचारलं. ती म्हणाली, "बाईला तगादा लावतेत का कुठं? त्यांनी हो म्हनलंय ना? मग झालं. मोठ्या मानसाचा शब्द हाय त्यो." वडिलांनी मागून विचारलं, "परीक्षा हाय का अजून काही?" त्यांना मी शिफारसपत्र म्हणजे काय ते दोनदा समजावलं होतं. त्यांच्या लेखी शिफारस म्हणजे आमदाराची चिठ्ठी. "मग बाईनं वर फोन केला तर नाय का भागायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसं नसतं तिकडे.

अकरा तारखेला ऑफिसातून लवकर निघून मी बाईंच्या घरी गेलो. त्या सहकारनगरला राहतात. बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून बस बदलायची. बरोबर गावाकडून आलेल्या भाजक्या शेंगा घेतल्या. बसमध्ये मनात वाक्य बसवत होतो: 'बाई, पंधरा तारीख शेवटची आहे.' पाचच शब्द तर होते.

दार बाईंनीच उघडलं. "ये. हे काय? लाच का?"

"घरच्या शेंगा आहेत बाई."

"मग चालेल. बस. चहा घेणार, का विचारायची पद्धत नाही तुमच्याकडे?"

त्यांच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. गेले दोन आठवडे त्या कोथरूडला तिच्याकडेच राहत होत्या आणि फक्त कपडे न्यायला घरी आल्या होत्या. टेबलावर अर्धी भरलेली पिशवी होती. आजारी माणसाच्या घरून आलेल्या बाईंना मी काय तारीख सांगणार? बाईंनी शेंगा सोलत सासवडकडच्या विहिरींचं विचारलं. मी सांगितलं, उपसा वाढलाय, पातळी खाली चाललीय. त्या म्हणाल्या, "हे मी तीस वर्षं सांगतेय. आता कोणी ऐकलं तर मलाच दचकायला होईल." वीस मिनिटं गेली. मी उठलो. दारात त्यांनी विचारलं, "काही काम होतं का?"

"नाही बाई. सहजच आलो."

"सहज कोणी स्वारगेटला बस बदलून येत नाही."

मी हसलो. आजही तो क्षण आठवला की मला माझंच तोंड दाबून ते वाक्य बाहेर काढावंसं वाटतं. त्यांनी मला सरळ विचारलं होतं. अजून कुठलं दार उघडायचं असतं माणसाने?

मी चपला घालताना त्या म्हणाल्या, "तुझं पत्र लक्षात आहे माझ्या." मला वाटलं, झालं. मी आनंदात बसस्टॉपवर आलो.

चौदा, प्रतीक्षेत. पंधरा, प्रतीक्षेत. पंधराला दुपारी मी ते निळं बटण दाबलं. पान म्हणालं, आठवण पाठवली. कुठे गेली असेल ती? कॉलेजच्या ईमेलवर, जो बाई कॉलेजात आल्याशिवाय उघडत नसत, आणि त्या कोथरूडला होत्या. तो ईमेल त्या घरून बघत नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्यांचा नंबर काढला, फोन हातात धरला आणि खिशात ठेवला. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. सोळाच्या सकाळी पानावर 'प्रतीक्षेत' शब्द नव्हता. तिथे 'मुदत संपली' असं होतं.

एकोणीसला फोन आला. आपणहून बाईंनी मला फोन करण्याची ती पहिलीच वेळ.

"अरे, मी कॉलेजात आहे. ती लिंक सापडली, पण उघडत नाहीये. बंद झालीय म्हणते. शेवटची तारीख कधी होती?"

"पंधरा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "सवडीने असं लिहिलं होतं बाई."

"ते वाचलं मी. सवडीने, घाई नाही. मला मराठी येतं. म्हणून सवडीनेच केलं." मग आवाज थोडा खाली आला. "पत्र तयार आहे माझं. ये इकडे."

मी रिक्षाने गेलो. विभाग तसाच होता, जिन्याखाली दगडांची कपाटं. बाईंच्या टेबलावर माझा प्रबंध पडला होता, ग्रंथालयातून काढलेला, आणि आमच्या बॅचच्या गुणपत्रकाची छापील प्रत. मला काही कळेना.

"हे कशाला बाई?"

"कशाला म्हणजे? तू लिहिलंस, 'आपण मला ओळखतच असाल'. चेहरा ओळखते मी. पण तू कुठल्या सालचा, प्रकल्प कुठला, गुण किती, यातलं काही नाही त्या पत्रात. उपकार आहेत, दीड पान. उपकारांचं मी त्या विद्यापीठाला काय सांगू? मुलगा फार नम्र आहे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं शिकवलं मी. दर वर्षी वीस मुलं. कॉलेजच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांना कोथरूडहून फोन करून गुणपत्रक काढून घेतलं, ते रजेवर होते म्हणून चार दिवस गेले. मग एका विद्यार्थ्याकरवी प्रबंध शोधून मागवला. जे मी तपासलेलं नाही ते मी सहीखाली लिहीत नाही."

म्हणजे मी 'प्रतीक्षेत' बघत बसलो होतो तेव्हा बाई मला शोधत होत्या. मला विचारलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण त्यांनी का विचारावं? घाई नाही म्हणून मीच लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं बाई."

"चुकलंच. आता रडू नकोस, तो कागद ग्रंथालयाचा आहे."

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला त्यांनी स्वतः ईमेल लिहिला. पत्राला उशीर झाला तो माझ्याकडून, विद्यार्थ्याचा दोष नाही, पत्र सोबत जोडत आहे, कृपया विचार व्हावा. बाईंना मी कधी कोणाला कृपया म्हणताना पाहिलं नव्हतं. प्राचार्यांनासुद्धा त्या 'हे झालं पाहिजे' एवढंच म्हणायच्या. मी म्हटलं, "बाई, दोष तुमचा नाही. 'माझ्याकडून' असं नका लिहू."

"मला वाक्यं शिकवू नकोस," त्या म्हणाल्या आणि पाठवलं.

जोडलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं नाही. मी विचारलंही नाही. "ते तुझ्यासाठी नसतं," त्या म्हणाल्या. दोन पानी होतं, एवढं मला बाजूने दिसलं.

मीही त्याच दिवशी वेगळा ईमेल केला. साहेबांनी भाषा तपासून दिली. चार दिवसांनी दोघांना एकसारखंच उत्तर आलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. मुदतीत अपूर्ण राहिलेले अर्ज शिष्यवृत्तीच्या समितीपुढे ठेवता येत नाहीत, याला अपवाद करता येत नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. पुढच्या वर्षी माझी पाच वर्षं उलटून गेलेली असणार होती. ते त्यांना कळवण्यात काही अर्थ नव्हता. नियम माझ्यासाठी केलेला नव्हता आणि माझ्याविरुद्धही नव्हता.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "बाईनं असं कसं केलं?" मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. मग तिला पुन्हा समजावलं की बाईंनी काही केलं नाही. तिला ते पटलं असं वाटत नाही. तिच्या दृष्टीने मोठ्या माणसाने शब्द दिला होता आणि काम झालं नव्हतं. हे मला तिच्या मनातून काढता आलेलं नाही, आणि बाईंचं नाव निघालं की आमच्या घरात आता जरा शांतता होते. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तीच आहे.

बाई नंतर एकदाच त्याविषयी बोलल्या, मार्चमध्ये, फोनवर. "पुन्हा कुठे अर्ज करशील तेव्हा माग. पण मला टिपण हवं. आणि दुसऱ्या कोणाला विचारावंसं वाटलं तरी हरकत नाही." शेवटचं वाक्य त्या जरा घाईने म्हणाल्या. मला 'नाही बाई, तुम्हीच' असं म्हणायचं होतं, पण त्यांनी फोन ठेवला होता.

ते दोन पानी पत्र कुठेतरी त्यांच्या संगणकात असेल. माझ्याबद्दल इतकं लांब कोणी कधी लिहिलं नसेल. ते कोणी वाचलं नाही.

ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एका संशोधन संस्थेची जाहिरात आली, भूजलातल्या पीएच.डी.साठी. परदेश नाही, फेलोशिप बेताची, आणि जागा दोनच. मी कागद घेऊन बसलो. 'तीर्थस्वरूप' लिहिलं, खोडलं. दोनदा सुरुवातीलाच उपकार आले, ते काढले. काढताना जिवावर आलं, खोटं नाही सांगत. जे उरलं ते पाठवलं. ते असं:

बाई, नमस्कार.

हैदराबादच्या संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज करत आहे. तुमचं शिफारसपत्र हवं आहे. शेवटची तारीख २० सप्टेंबर, सायंकाळी पाच. आज २५ ऑगस्ट आहे.

लिंक संस्थेकडून तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर १ सप्टेंबरला येईल. नाही आली तर स्पॅममध्ये बघा आणि मला फोन करा. मी १० तारखेला आणि १७ तारखेला तुम्हाला फोन करणार आहे.

तुम्ही मला एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षी शिकवलंत, भूजलाचे दोन पेपर आणि प्रकल्प. गुणपत्रक जोडलं आहे. प्रकल्प सासवडजवळच्या चार गावांतल्या विहिरींच्या पाणीपातळीवर होता. प्रबंधाचं पहिलं पान आणि निष्कर्ष जोडले आहेत.

पत्रात उपयोग होईल असं एक आठवतं. सतरा नंबरच्या विहिरीला कुलूप होतं म्हणून मी मे महिन्याची पातळी अंदाजाने भरली होती. तुम्ही आकडा बघून विचारलंत, मी कबूल केलं. तुम्ही मला दुसऱ्या दिवशी परत पाठवलंत. आकडा दोन मीटरने चुकलेला निघाला. त्यानंतर मी न मोजलेला आकडा कुठे भरलेला नाही, कंपनीतही नाही. हे माझ्या बाजूचं आहे की विरुद्ध, ते तुम्ही ठरवा.

गेली पावणेपाच वर्षं मी काय काम करतो ते एका पानात जोडलं आहे. संस्थेला दोन गोष्टी हव्या आहेत: क्षेत्रात काम करण्याची तयारी आणि इंग्रजी लेखन. दुसऱ्याबद्दल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहिती आहे.

तुम्हाला जमणार नसेल, किंवा माझ्याबद्दल चांगलं लिहिण्याइतकं तुमच्याकडे नाही असं वाटलं, तर शुक्रवारपर्यंत सांगा. मी दुसऱ्या सरांना विचारीन. मला वाईट वाटेल, पण चालेल.

निकाल काहीही लागला तरी तुम्हाला मी पहिल्यांदा कळवीन.

तुमचा विद्यार्थी